गच्चीवरच्या खोलीच्या भिंतीचा यू-व्हॅल्यू: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागं मी लाकडी सांगाड्यात ग्लासवूल भरलेल्या भिंतीचा यू ०.५२ काढला होता. यू म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना भिंतीच्या एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता येते तो आकडा, आणि आर म्हणजे त्याच्या उलट, भिंतीचा अडथळा, एक भागिले यू. त्यावर ही प्रतिक्रिया आली:

"तुमचा ०.५२ चुकीचा वाटतो. मी पण लाकूड धरलंय, १६ टक्के लाकूड, ८४ टक्के ग्लासवूल, दोन्हीच्या आरची सरासरी काढली तर २.४४ येतो, म्हणजे यू ०.४१. आणि तुम्ही दोन वेगवेगळी उत्तरं काढून त्यांची सरासरी घेता, हे तर अंदाजपंचेच झालं. सोलापुरात गच्चीवर खोली बांधणाऱ्याला उगाच घाबरवू नका."

दादा, तुम्ही लाकूड धरलंत याचा खरंच आनंद झाला, कारण बरेच जण नुसत्या ग्लासवूलचा आर घेऊन ०.३६ लिहून मोकळे होतात. पण सरासरी चुकीच्या गोष्टीची काढलीत. आपल्याकडं नळाला पाणी आलं की हौदात दोन पाइप सोडतो ना, एक जाड एक बारीक, तर हौदात पडतं ते दोघांच्या पाण्याची बेरीज, दोघांच्या अडथळ्याची सरासरी नाही. भिंतीतून उष्णता अशीच येते. लाकडाच्या वाटेनं वेगळी, ग्लासवूलच्या वाटेनं वेगळी, आणि आत आल्यावर त्यांची बेरीज होते. म्हणून क्षेत्रफळाच्या प्रमाणात सरासरी काढायची ती यूची, आरची नाही. आरची काढली की जास्त अडथळ्याचा ग्लासवूल सगळं उत्तर आपल्याकडं ओढतो आणि लाकूड जवळजवळ दिसेनासं होतं, तुमचा ०.४१ तिथूनच आलाय.

आता भिंत परत एकदा बघू. बाहेरून १० मिमी सिमेंट बोर्ड, मधे चार बाय दोनचे लाकडी उभे आणि त्यांच्यात १०० मिमी ग्लासवूल, आतून साडेबारा मिमी जिप्सम. दोन्ही बोर्ड आणि आतबाहेरचे हवेचे थर मिळून आर ०.२५ होतो (आतला थर ०.१३, बाहेरचा ०.०४, बाकी बोर्डांचा). ग्लासवूलचा २.५०. लाकूड जड जातीचं, त्याची वाहकता ०.१८ धरली, म्हणजे १०० मिमीला ०.५५६. तर ग्लासवूलची वाट एकूण २.७५ आणि लाकडाची ०.८०६, लाकडातून तिप्पट उष्णता येते, हे आधी डोक्यात बसू द्या.

१६ टक्के कुठून आले तेही सांगतो, कारण इथं लई जण फसतात. सहाशेच्या अंतरावर ५० मिमीचा उभा म्हणजे ८ टक्के, असं तोंडी उत्तर सुतार पण देतो. पण ३.६ मीटर लांब आणि ३ मीटर उंच भिंतीत सात उभे, खाली-वर एकेक आडवा, आणि मधे आडव्या रीपांच्या दोन ओळी असतात. सगळं मोजलं तर १०.८ चौरस मीटरपैकी १.७० लाकूड निघतं, म्हणजे जवळपास दुप्पट. ड्रॉइंगवर नाही, बोर्ड मारायच्या आधी सांगाडा उभा असताना टेप लावून मोजा. खिडकी असली की चौकटीभोवती अजून वाढतं.

दोन वाटा अशा वेगवेगळ्या धरून यूची सरासरी काढायच्या रीतीला पॅरलल पाथ म्हणतात, त्यात हे एवढंच एक्सेलमधे टाकायचं:

```
=1/(0.84/2.75+0.16/0.806)
```

उत्तर १.९८, यू ०.५०. यात आपण धरतो की उष्णता सरळ रेषेत जाते, बाजूला अजिबात सरकत नाही, जणू भिंत करवतीनं कापून पट्ट्या वेगळ्या केल्यात. खऱ्या भिंतीत तसं होत नाही, बोर्डात शिरलेली उष्णता थोडी आडवी सरकून सोपी वाट म्हणजे लाकूड गाठते. म्हणून हा आर खऱ्यापेक्षा थोडा जास्तच येतो.

दुसरं टोक म्हणजे आडवं सरकायला काहीच अडथळा नाही असं धरायचं. मग प्रत्येक थराच्या तोंडावर सगळीकडं एकच तापमान, त्यामुळं लाकूड आणि ग्लासवूल फक्त त्या एका थरात मिसळायचे आणि बाकीचे थर नुसते बेरजेत घ्यायचे:

```
=0.25+1/(0.84/2.5+0.16/0.556)
```

उत्तर १.८५, यू ०.५४. हा आर खऱ्यापेक्षा कमी येतो. खरा आकडा या दोघांच्या मधे असणारच, कारण खरी भिंत ना पूर्ण कापलेली आहे ना पूर्ण मोकळी. दोघांची सरासरी १.९२, यू ०.५२, ही आयएसओ ६९४६ या यू काढायच्या आंतरराष्ट्रीय मानकातली कंबाइन्ड पद्धत. अंदाजपंचे म्हणावं तर दोन टोकांतला निम्मा फरक भागिले सरासरी काढून बघा, चूक जास्तीत जास्त साडेतीन टक्क्यांच्या आसपास. ग्लासवूल नीट न बसण्यानं यापेक्षा जास्त फरक पडतो.

पण पद्धत कुठं मोडते तेही सांगायला हवं, नाहीतर मी अर्धवट सांगितल्यासारखं होईल. आता बरेच फॅब्रिकेटर लाकडाऐवजी जीआय चॅनल लावतात. तेवढ्याच लांबीचे, ०.९ मिमी पत्र्याचे धरले आणि नुसती पत्र्याची उभी जाडी मोजली तर लोखंड भिंतीच्या ०.२८ टक्के. पॅरलल पाथ म्हणतो यू ०.३७, म्हणजे चॅनल असून नसल्यासारखे. दुसरी रीत म्हणते १.२४. एका बाजूला आर २.६८, दुसऱ्या बाजूला ०.८१, तिपटीपेक्षा जास्त फरक. अशा दोन आकड्यांची सरासरी काढणं मात्र खरंच अंदाजपंचे, आणि आयएसओ ६९४६ पण तेच म्हणतं, दोन टोकांचं गुणोत्तर दीडच्या वर गेलं किंवा इन्सुलेशनमधून धातू आरपार गेला तर ही रीत वापरू नका. चॅनलचे कान बोर्डाला चिकटलेले असतात, ते रुंद पट्ट्यातली उष्णता गोळा करून पातळ पत्र्यातून आत सोडतात, आणि हे पॅरलल पाथला दिसतच नाही. तिथं संगणकावर द्विमितीय हिशोबच लागतो. आपल्या लाकडी भिंतीत गुणोत्तर १.०७ आहे, म्हणून मी बिनधास्त वापरली.

आकड्यांवर विश्वास नसेल तर हातानं बघा की ओ. मे महिन्यात दुपारी चारला पश्चिमेच्या भिंतीच्या आतल्या जिप्समवरून तळवा आडवा फिरवा. ऊन धरून बाहेर ६० आणि आत ३२ असं घेतलं, तर ग्लासवूलमागचं जिप्सम आतल्या हवेपेक्षा सव्वा-दीड अंशानं गरम आणि लाकडावरचं साडेचार अंशानं, असं गणित सांगतं. जिप्सममधून उष्णता पसरते म्हणून प्रत्यक्षात फरक थोडा कमी लागतो, पण इन्फ्रारेड गन धरली की दर ६०० मिमीवर पट्टा दिसतोच. मी जुळे सोलापुरात एका खोलीत असंच मोजलं होतं आणि रंगाखालचे उभे कुठं आहेत ते पेन्सिलनं खुणा करून मालकाला दाखवले होते.

घाबरवायचं म्हणाल तर तुमच्या ०.४१ आणि माझ्या ०.५२ मधला फरक त्या उन्हात या अख्ख्या भिंतीला ३३ वॅट भरतो, फार नाही, मान्य आहे. पण त्या चुकीच्या आकड्यावर माणूस निर्णय चुकीचा घेतो, म्हणजे आणखी महाग ग्लासवूल आणतो, आणि लाकडाची वाट तशीच उघडी राहते. त्यापेक्षा सिमेंट बोर्डाच्या मागं, उभ्यांच्या बाहेरून सलग २५ मिमी एक्सपीएस, म्हणजे कडक फोमचं बोर्ड, लावा. त्याचा आर ०.७१, आणि तो लाकडावरूनही जातो. हिशोब परत केला तर वरचं टोक २.८८, खालचं २.५७, सरासरीनं यू ०.३७. नुसत्या ग्लासवूलचा ०.३६ धरून लोक जे समजत होते, ते लाकूड मोजून मिळवायला एवढं एक सलग बोर्ड लागतं. फक्त बोर्ड मारताना स्क्रू लांब लागतील, ते आधीच सांगून ठेवा.