चपाती, चहा आणि पाकिटावरचा एफ

वाण्याच्या दुकानात पाकीट उलटं करून वाचणारा माणूस मागच्यांना आवडत नाही. पोवई नाक्यावर संध्याकाळी तर नाहीच. "काका, पीठ घेताय की प्रूफ तपासताय?" असं कुणीतरी म्हणतंच. माझा नाइलाज होता. सौ.च्या रिपोर्टात लोह आणि बी-१२ दोन्ही कमी निघालं होतं आणि फर्मान सुटलं होतं, "अहो, गिरणीचं पीठ बंद. तो अधिकचा एफ असतो ना, ते आणा."

तसा मी आधी गिरणीवाल्या दादांनाही विचारून आलो होतो. ते पट्ट्यावरून नजर न काढता म्हणाले, "गव्हात असंल तेच पिठात येणार. आपण फक्त दळतो." पुढे पाकिटांच्या बाबतीत इतकं सरळ उत्तर मला कुणी दिलं नाही.

निळ्या रंगातलं अधिक चिन्ह आणि इंग्रजी एफ म्हणजे या पदार्थात बाहेरून पोषकद्रव्यं घातली आहेत. किती, ते चिन्ह सांगत नाही. त्यासाठी पाकीट उलटं करावं लागतं, चष्मा बदलावा लागतो आणि मागच्यांचे सुस्कारे ऐकावे लागतात. एफएसएसएआयच्या २०१८च्या नियमांप्रमाणे किलोभर आट्यात लोह २८ ते ४२.५ मिलिग्रॅम, फॉलिक अ‍ॅसिड ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम आणि बी-१२ पाऊण ते सव्वा मायक्रोग्रॅम असावं लागतं. किलोभर! आणि आमच्याकडे किलोभर पीठ एकट्यानं कुणी खात नाही, अगदी मेहुणे आले तरी.

म्हणून घरी येऊन मी वहीत हिशोब मांडला. सौ. दिवसाला चार चपात्या खाते, म्हणजे साधारण १२० ग्रॅम पीठ. त्यातून वरून घातलेलं लोह मिळणार साडेतीन ते पाच मिलिग्रॅम. आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे तिला दिवसाला हवं २९. अगदीच टाकाऊ नाही. गव्हाचं स्वतःचं लोहही जवळपास तेवढंच असतं, पण गव्हातलं फायटेट ते पुरतं अंगी लागू देत नाही. म्हणूनच काही कंपन्या सोडियम आयर्न ईडीटीए नावाचा प्रकार वापरतात. तो फायटेटला तितकीशी दाद देत नाही, त्यामुळे नियमात त्याचं प्रमाण निम्मंच ठेवलंय. तेव्हा पाकिटावर लोहाचा आकडा छोटा दिसला म्हणून लगेच नाक मुरडू नये, घटकांच्या यादीत लोह कोणतं आहे ते बघावं.

बी-१२चं गणित मात्र करुण निघालं. किलोला एक मायक्रोग्रॅम धरलं तर चार चपात्यांत ०.१२. रोजची गरज २.२. मी भागाकार दोनदा केला. सौ.ला केवळ चपातीतून बी-१२ पुरवायचं तर दिवसाला सत्तरच्या वर चपात्या लागतील. "आणि लाटणार कोण?" तिनं विचारलं. मी वही मिटली. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पिठाच्या भरवशावर बंद करायच्या नाहीत, एवढं ठरलं.

मीठ पूर्वीपासून आयोडीनचं आहे, ते सक्तीचंच. त्यात लोहही घातलं की ते 'डबल फोर्टिफाइड'. पाच ग्रॅममध्ये सव्वाचार ते साडेपाच मिलिग्रॅम लोह, म्हणजे चार चपात्यांहून थोडं जास्तच. हे ऐकून आईनं भाजीत चिमूट वाढवली. तिच्या बीपीच्या गोळ्यांचा डबा तिच्यासमोर ठेवावा लागला.

खरा पैसा वसूल तेलात. एफवाल्या तेलात ए आणि डी घालतात, ती तेलात विरघळणारीच जीवनसत्त्वं. माणशी २० ग्रॅम तेलातून डी मिळतं दोन ते तीन मायक्रोग्रॅम, गरज १५ची. बी-१२च्या तुलनेत हे दानशूरपणच! मात्र तेच तेल पुन्हापुन्हा तळणीला तापवलं की ए उडत जातं. आणि लाकडी घाण्याचं तेल आणून 'यात सगळं असतं' म्हणणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांच्या तेलात वरून घातलेलं डी नसतंच. पाकिटावर 'कोलेस्टेरॉलमुक्त' हे मात्र ठळक. वनस्पतितेलात ते कधी नसतंच. कुणी उद्या 'हाडमुक्त केळी' विकली तरी मी आता दचकणार नाही.

एवढा हिशोब झाल्यावर मला सकाळ आठवली. आमच्या घरात न्याहारी म्हणजे चहा-चपाती. चहातली टॅनिन्स लोहाला पोटातच अडवून धरतात. एफवाल्या पिठाची चपाती आम्ही रोज चहात बुडवून खातो.

"चहा तासाभरानं घेत जा," मी हळूच म्हणालो.

"चपाती तासाभरानं खाईन," सौ. म्हणाली आणि आधण ठेवायला उठली.