फॉर्मवर नंबर कुणाचा?

तालुक्याच्या कॉलेजसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. महाडीबीटीच्या स्कॉलरशिपचे फॉर्म सुरू झाले की सकाळी शटर वर करायच्या आधीच पोरं पायरीवर बसलेली असतात. आज माझ्याच व्यवसायातल्या एका वाईट सवयीबद्दल लिहायचंय. मुलांच्या फॉर्मवर आपण दुकानवाले आपलाच मोबाईल नंबर आणि आपलाच ईमेल टाकतो.

हे फसवणूक म्हणून कुणी करत नाही. रजिस्ट्रेशनच्या वेळी ओटीपी येतो आणि तो काही मिनिटांतच टाकावा लागतो. मुलीकडे फोन नसतो. घरचा एकच फोन वडिलांकडे, वडील रानात, तिथे रेंज नाही. मागे पंधरा जण उभे. मग आपण म्हणतो, "राहू दे, माझा नंबर टाकतो." पोरगीही सुटल्यासारखी हसते. मीही सुरुवातीची दोन-तीन वर्षं हेच केलं.

मग एक मुलगी आली, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची. "काका, रिन्यूअल भरायचंय." युजर आयडी तिला पाठ होता, पासवर्ड मात्र कधी सांगितलाच नव्हता कुणी. फरगॉट पासवर्ड केलं, तर ओटीपी माझ्याच फोनवर आला! फॉर्म गेल्या वर्षी मीच भरला होता. लॉगिन झालं आणि दिसलं, की पहिल्या वर्षाचा अर्ज कॉलेजच्या क्लार्ककडून 'सेंड बॅक' होऊन तसाच पडलाय. शेरा होता: उत्पन्नाचा दाखला वाचता येत नाही. त्याचा मेसेजही माझ्याच फोनमध्ये सापडला, बँकांच्या आणि रिचार्जच्या शेकडो मेसेजखाली गाडलेला. दुरुस्तीची मुदत केव्हाच संपली होती. पहिल्या वर्षाची स्कॉलरशिप गेली आणि तिच्या वडिलांनी ती फी हप्त्यांनी भरली.

दाखला का वाचता येत नव्हता, तेही सांगतो, कारण ते रोज घडतं. तिने दाखल्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. व्हॉट्सअॅपने तो एकदा दाबला. साइटवर फाईल २५६ केबीच्या आत लागते म्हणून मी तो आणखी दाबला. तहसीलच्या दाखल्यावर बारकोडखाली लांबलचक आकडा असतो, त्यातले ३ आणि ८ एकसारखे दिसायला लागले. माझ्या स्क्रीनवर तो छोटा दिसत होता म्हणून स्वच्छ वाटला.

आता मी मूळ कागदच मागतो. स्कॅनरवर ठेवून १५० डीपीआयला ग्रेस्केलमध्ये स्कॅन करतो आणि गरज लागलीच तर क्वालिटी थोडी खाली आणतो, फाईल बसते. अपलोड झाल्यावर तीच फाईल साइटवरून उघडून मोठी करतो आणि मुलाला बारकोडचे शेवटचे चार आकडे मोठ्याने वाचायला लावतो. त्याला वाचता आले नाहीत, तर क्लार्कलाही येणार नाहीत. एक मिनिट जातं.

पण स्कॅन चुकला, तर तो दुरुस्त करता येतो. मुलाला कळलंच नाही, तर काहीच करता येत नाही. म्हणून नंबर मुलाचाच किंवा घरातल्या माणसाचा. फोन वडिलांकडे असेल, तर आधी त्यांना फोन लावायचा: "दोन मिनिटांत एक मेसेज येईल, त्यातला आकडा मुलीला सांगा." ते रेंजमध्ये येईपर्यंत मी पुढचं गिऱ्हाईक घेतो. एखादं पोर दुसऱ्या दिवशी परत येतं, चिडतं. चिडू दे. आणि ईमेल मुलाच्याच नावाने काढायचा, पासवर्ड त्याने स्वतः टाइप करायचा. युजर आयडी आणि अर्जाचा आयडी मी प्रिंटवर पेनाने लिहून देतो.

पालकांनो, फॉर्म भरल्यावर प्रिंट हातात घ्या आणि मोबाईल नंबराच्या रकान्यावर बोट ठेवून वाचा. तो नंबर तुमचा नसेल, तर दुकानातून उठू नका, तिथेच बदलून घ्या. मग दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून अर्ज कुठे आहे ते बघा: कॉलेजकडे, पुढे विभागाकडे, की परत आलाय. सबमिट झालं म्हणजे मंजूर झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं.

आणि माझ्या दुकानदार भावांनो, एक काम आजच करा. दुकानाच्या फोनमधले आणि ईमेलमधले स्कॉलरशिपचे जुने मेसेज शोधा. परत आलेल्या अर्जाचा एखादा जरी निघाला, तरी त्या मुलाला फोन लावा. मी मागच्या रविवारी बसलो तर चार निघाले. त्यातल्या दोघांची मुदत अजून शिल्लक होती.