जुने बूट, जीन्स आणि हातात हात

"एका दिवसाच्या पावसाळी ट्रेकला खर्च कशाला? घरातले जुने स्पोर्ट शूज, जीन्स आणि रेनकोट पुरे. ओढ्याला पाणी आलं तर सगळ्यांनी एकमेकांचे हात धरायचे, आरामात पार! सोलापूरकरांनो, उगाच घाबरू नका."

या सल्ल्यातलं खर्च नको, हे पटलं. बुटांचं मात्र नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या बुटाचं चिकटवण कमजोर झालेलं असू शकतं. घरी ते कळत नाही. चिखलात दोन तास भिजलं की तळवा पुढून 'आ' वासतो. आठवडाभर आधी बूट तासभर बादलीत बुडवून ठेवा, मग ते घालून अंगणातल्या ओल्या शहाबादी फरशीवर चाला. चवड्याशी वाकवल्यावर फट दिसली किंवा पाय सटकला, तर तो बूट बाद. या परीक्षेत पास झालेल्या बुटालाही मर्यादा आहेतच. काळपट-हिरव्या, चकाकणाऱ्या शेवाळावर महागडा तळवासुद्धा धरत नाही. तिथं खरबरीत दगड बघून अख्खं पाऊल टेकवायचं. नवे विकत घेतलेच, तर ते आधी काही दिवस गावात वापरा, नाहीतर फोड ठरलेले.

जीन्स भिजली की जड होते, गुडघ्याला अडते आणि दिवसभर वाळत नाही. लोहगडाचंच घ्या. पायऱ्या चढताना रेनकोटच्या आत माणूस घामानंच भिजतो, वर पोचल्यावर विंचूकाटा नावाच्या गडाच्या सोंडेकडून वारा सुटला की तेच ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. पॉलिएस्टरची ट्रॅक पँट आणि टी-शर्ट लवकर वाळतात. आपला सोलापुरी टॉवेल जरूर न्या, पण प्लास्टिकच्या पिशवीत, कोरड्या कपड्यांच्या जोडीला, गळ्यात नको. कुणी कुडकुडायला लागलं, बोलणं अडखळलं, पाय वेडेवाकडे पडू लागले, तर फोटो थांबवा. आडोशाला नेऊन ओले कपडे बदला, गोड काहीतरी खायला द्या आणि सोबत राहून खाली उतरवा.

हाताच्या साखळीचा सल्ला सगळ्यात घातक. नवख्यांच्या साखळीत एकाचा पाय सुटला की तो शेजारच्यालाही ओढतो, आणि वाहत्या पाण्याला गुडघाभर खोलीही पुरते. आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वरच्या पठारावर तो कोसळत असतो. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, आवाज वाढला, की ओढा फुगतोय. असाल त्या काठावर, उंचावर थांबा. पाऊस ओसरल्यावर असे ओढे बहुधा काही तासांत उतरतात; कुणी अडकलं तर ११२ लावा.

पण आपली माणसं थांबत नाहीत, कारण पुण्याहून रात्रीची गाडी पकडायची असते. चुकली तर चुकू द्या, सकाळी दुसरी आहे. त्याहून बरं म्हणजे पहिल्या ट्रेकला ओढा ओलांडावा लागणार नाही अशीच वाट निवडा, आणि दुपारी एक वाजता, माथा गाठला असो वा नसो, मागं फिरायचं हे बसमध्येच सगळ्यांकडून कबूल करून घ्या.