अभंगाचे शब्द सर्वांचे, चाल आणि ध्वनिमुद्रण मात्र कोणाचे तरी

“संतांचे अभंग शेकडो वर्षांपूर्वीचे आहेत, त्यावर कोणाचाही कॉपीराइट नाही. कोणतीही गाजलेली चाल गा किंवा जुने रेकॉर्डिंग लावा. क्लेम आलाच तर ‘पारंपरिक’ लिहून डिस्प्यूट टाका. देवाच्या गाण्याला तशीही सूट असते. मोबाइलवर गाऊन नॉइज रिडक्शन मारले की क्वालिटी पुरते. हजार सबस्क्रायबर झाले की पैसे सुरू.”

यूट्यूबवर अभंग गाऊन टाकणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या या सल्ल्याच्या संदेशातले पहिले वाक्य शब्दांपुरते खरे आहे, आणि त्याच्या आधारावर पुढचे सगळे खपून जाते. भारतीय कॉपीराइट कायदा 1957 सालचा आहे. त्यानुसार कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क टिकतो, त्यामुळे तुकाराम महाराजांचे शब्द आज कोणीही गावेत, छापावेत. परंतु हाच कायदा शब्द आणि संगीत यांना दोन वेगळ्या कृती मानतो. संगीतकृतीच्या व्याख्येतून गायचे शब्द स्पष्टपणे वगळलेले आहेत. ध्वनिमुद्रण ही त्याहून वेगळी, तिसरी गोष्ट आहे.

‘सुंदर ते ध्यान’ हा अभंग घ्या. शब्द तुकोबांचे, म्हणून मुक्त. लता मंगेशकरांच्या आवाजात घरोघरी पोहोचलेली त्याची चाल श्रीनिवास खळे यांची आहे. खळ्यांचे निधन सप्टेंबर 2011 मध्ये झाले, म्हणजे 60 वर्षांची मोजणी 1 जानेवारी 2012 पासून सुरू होते आणि त्या चालीवरचा हक्क 31 डिसेंबर 2071 पर्यंत टिकतो. तो वारसांकडे आहे की कंपनीकडे, हे मूळ करारावर ठरते. पण तो गाणाऱ्या तिसऱ्या माणसाकडे आपोआप येत नाही, आणि वर्णनात संगीतकाराचे नाव लिहिल्याने परवानगीही मिळत नाही. ध्वनिमुद्रणाची मुदत मात्र प्रकाशनाच्या वर्षावरून मोजतात: 1970 साली प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रिका 2030 अखेरपर्यंत संरक्षित असते. म्हणून तीच चाल स्वतः गाणारा एका हक्काला हात लावतो, तर जुनी ध्वनिमुद्रिका चढवणारा चाल आणि मुद्रण या दोन्हींना.

मग पारंपरिक कशाला म्हणायचे? जिचा कर्ता ठाऊक नाही आणि जी पिढ्यान्‌पिढ्या दिंडीत, भजनात, घरच्या आरतीत चालत आली आहे, त्या चालीला. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर ‘पारंपरिक’ छापलेले असले तरी ते पुष्कळदा फक्त शब्दांविषयी असते; संगीतकाराचे नाव वेगळ्या ओळीत शोधावे, आणि ते सापडले की तो शब्द चालीला लावू नये. राग कोणाच्याही मालकीचा नाही, त्यामुळे तोच अभंग त्याच रागात स्वतःच्या चालीने बांधायला काहीच आडकाठी नाही. ओळखू येणारी स्वररचना आणि मधले वाद्यखंड उचलणे ही अडचण आहे. बंदिशींनाही हेच लागू पडते. अठराव्या शतकातल्या सदारंगांची म्हणून चालत आलेली बंदिश मुक्त आहे, पण कुमार गंधर्वांनी स्वतः रचलेल्या बंदिशीवरचा हक्क, त्यांचे निधन 1992 मध्ये झाल्यामुळे, 2052 अखेरपर्यंत आहे.

धार्मिक सुटीचा उल्लेख कायद्याच्या कलम 52 मध्ये आहे हे खरे, परंतु ती प्रत्यक्ष धार्मिक विधी चालू असताना होणाऱ्या सादरीकरणाला दिलेली आहे. मंदिरात काकडआरतीला गाणे त्यात बसते. त्याचे चित्रीकरण करून जाहिरातींसह कायमचे उपलब्ध ठेवणे हा त्या विधीचा भाग ठरत नाही.

डिस्प्यूटचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. कंटेंट आयडी ही व्हिडिओ नोंदलेल्या ध्वनिमुद्रणांशी आपोआप जुळवून पाहणारी यूट्यूबची यंत्रणा आहे. तिच्या क्लेमने चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाची नोंद, येत नाही. बहुतेक वेळा त्या व्हिडिओचे उत्पन्न हक्कदाराकडे जाते, एवढेच. खोट्या आधारावर डिस्प्यूट टाकला, तर हक्कदाराला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात. त्याने तो फेटाळल्यावर तुम्ही हट्टाने अपील केले, तर हक्कदार व्हिडिओ काढून टाकण्याची रीतसर मागणी करू शकतो, आणि तेव्हा स्ट्राइक बसतो. 90 दिवसांत असे तीन झाले की चॅनेल बंद होऊ शकते. अर्थात क्लेम खरोखर चुकीचाही असतो. भजन गायकांच्या बाबतीत त्याचे नेहमीचे कारण म्हणजे ॲपमधला तानपुरा किंवा विकत घेतलेला ठेका: तोच लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणारा तयार तुकडा, दुसऱ्या कोणाच्या नोंदलेल्या ध्वनिमुद्रणात असतो आणि यंत्रणा दोन्ही एक समजते. क्लेममध्ये जुळलेला कालखंड दाखवलेला असतो. तो गाण्याआधीच्या नुसत्या तानपुऱ्यावर पडला असेल, तर कारण हेच असण्याची शक्यता दाट असते. अशा वेळी पाच दिवसांच्या आत डिस्प्यूट टाकावा, म्हणजे क्लेमच्या पहिल्या दिवसापासूनचे उत्पन्न निकालापर्यंत राखून ठेवले जाते. त्यात शब्द कोणाचे, चाल कोणाची, मुद्रण कोणी केले आणि लूप कोणत्या परवान्याने घेतला, हे सरळ लिहावे. आवाज, हार्मोनियम आणि तबल्याचे स्वतंत्र ट्रॅक जपून ठेवले असतील तर पुराव्यासाठी धावाधाव होत नाही.

ध्वनिमुद्रणाबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण मोबाइल वाईट म्हणून गाणे बिघडते असे नाही. त्याची स्वयंचलित प्रक्रिया बिघडवते. नॉइज रिडक्शन जो आवाज अखंड आणि एकसारखा असतो त्याला गोंगाट समजून कापते, आणि तानपुरा नेमका तसाच असतो. गायक थांबला की स्वयंचलित गेन पातळी वर नेतो आणि तानपुरा एकदम उसळतो. सम आली की तबल्याच्या थापेने आवाज दबतो. हेडफोन लावून ओळींमधल्या विरामात तानपुरा फुगतो किंवा पाण्याखाली गेल्यासारखा घुमतो का, ते ऐकावे. मोबाइलच वापरायचा असेल, तर ही प्रक्रिया बंद करता येईल आणि गेन हाताने ठेवता येईल असे रेकॉर्डिंग ॲप घ्यावे, 48 किलोहर्ट्‌झवर मुद्रण करावे आणि सर्वांत चढ्या तानेलाही शिखर उणे 6 डेसिबलच्या खाली राहील अशी पातळी ठेवावी. गोंगाट नंतर काढण्यापेक्षा पंखा आधी बंद करावा. शेवटी आवाज कृत्रिमपणे मोठा करून काही साधत नाही; यूट्यूब साधारण उणे 14 एलयूएफएस या सरासरी मोठेपणाच्या मापापेक्षा मोठा आवाज स्वतःच खाली आणते, आणि दाबून टाकलेल्या गाण्यातले चढउतार परत येत नाहीत.

हजार सबस्क्रायबर ही जाहिरात-उत्पन्नाची अर्धीच अट आहे. त्यासोबत मागच्या 12 महिन्यांत 4,000 तासांचे सार्वजनिक प्रेक्षण किंवा 90 दिवसांत शॉर्ट्‌सवर 1 कोटी व्ह्यू लागतात. त्यानंतरही चॅनेलची तपासणी होते, आणि निरनिराळ्या कलाकारांची गाणी एका स्थिर चित्रावर जमवलेली असतील, तर त्यांची परवानगी असली तरी ‘पुनर्वापर’ म्हणून अर्ज नाकारला जाऊ शकतो. मंजुरी मिळाल्यावर लांब व्हिडिओंच्या जाहिरात-उत्पन्नातला 55 टक्के वाटा चॅनेलला मिळतो, मात्र चालीवर दुसऱ्याचा वैध क्लेम नसेल तरच तो पूर्ण.

म्हणूनच जुन्या अभंगाला स्वतःची चाल लावणे मला गाजलेल्या चालीची नक्कल करण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचे वाटते: शब्द विनामूल्य मिळतात आणि नवी संगीतकृती पूर्णपणे तुमची होते. ती संगीतकार-गीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेकडे संगीतकार म्हणून नोंदवता येते, वितरकामार्फत इतर सेवांवर देता येते. माहिती भरताना गीतकार संत तुकाराम आणि संगीतकार स्वतः, असे वेगवेगळे लिहावे. चाल खरोखर परंपरेतली असेल, तर संगीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ आणि स्वतःचे नाव केवळ संगीत संयोजक म्हणून घालावे. आणि लूप वापरलेले मुद्रण वितरकाकडे देताना कंटेंट आयडीचा पर्याय निवडू नये, कारण तो निवडला की तोच ठेका विकत घेतलेल्या दुसऱ्या भजनी मंडळाच्या व्हिडिओवर तुमच्या नावाने चुकीचा क्लेम जातो.