फिलेट आधी मारून फाइल पाठवणाऱ्यांनो, एकदा ऐकाच

सोमवारपासून डोकं फिरलंय. उद्यमबागच्या आमच्या शेडमध्ये कोपऱ्यात ॲल्युमिनियमचे चौदा जॉब पडलेत, सगळे भंगार. मटेरियल गेलं, व्हीएमसीचा अख्खा दिवस गेला. आणि ज्यानं डिझाइन करून दिलं तो फोनवर शांतपणे म्हणतो, "अहो, मॉडेल तर बरोबर दिसतंय. फीचरच्या ऑर्डरनं काय फरक पडतोय?"

फरक पडतो, बाबा! मशीनवर उभं राहणाऱ्याला विचार.

जॉब साधा होता. १२० बाय ८० ची, २५ जाडीची प्लेट. वरच्या चारी कडांना ४ मिमीचा फिलेट आणि चार भोकं, प्रत्येक भोक दोन्ही बाजूंच्या कडेपासून १५ वर. म्हणजे भोकांमधलं अंतर ९० आणि ५०. पार्टीनं नंतर एवढंच सांगितलं, की कडा जरा जास्त गोल करा, ८ चा रेडियस द्या. मी फ्यूजनमध्ये फिलेटवर Edit Feature केलं, ४ चे ८ केले, टूलपाथ परत जनरेट केला आणि जॉब लावला. टाइमलाइनवर ना पिवळं, ना लाल. एकही वॉर्निंग नाही. भोकं पडली ८२ आणि ४२ वर.

का? कारण या माणसानं आधी फिलेट मारला आणि मग वरच्या फेसवर भोकांचं स्केच काढलं. ४ चा फिलेट मारल्यावर वरचा सपाट फेस १२० बाय ८० राहतच नाही, तो ११२ बाय ७२ होतो. स्केचमध्ये ज्या जांभळ्या प्रोजेक्ट केलेल्या रेषा येतात, त्या प्लेटच्या कडा नसतात, फिलेट जिथं सुरू होतो तिथल्या असतात. यानं त्या रेषेपासून ११ चं डायमेन्शन दिलं. ११ आणि ४, झाले १५. त्या दिवशी बरोबरच दिसणार की! रेडियस ८ झाल्यावर ती रेषा ४ मिमी आत सरकली आणि तिच्याबरोबर भोकंही सरकली. फ्यूजननं सांगितलं तेवढंच केलं. रेषा सापडली, डायमेन्शन ११ च आहे, मग तो वॉर्निंग कशाला देईल? लाल झालं असतं तर निदान मी थांबलो तरी असतो.

डावीकडच्या ब्राउझरकडे बघून हे कळत नाही, हेही लोकांना सांगून थकलो. तिथं बॉडी आणि स्केचेस नुसती फोल्डरमध्ये लावलेली असतात. कशानंतर काय केलं, हे खालच्या टाइमलाइनवर कळतं. सॉलिडवर्क्सवरून आलेले डावीकडचं झाड बघत बसतात आणि खालच्या पट्टीकडे ढुंकूनही बघत नाहीत.

मग दुरुस्ती कोणी करायची? मीच. फिलेटचं चिन्ह नुसतं ओढून भोकांच्या पुढं न्यायचं म्हटलं तर जमत नाही, कारण भोकांचं स्केच त्याच फिलेटच्या रेषेवर टेकलेलं आहे. शेवटी टाइमलाइनचा मार्कर फिलेटच्या आधी आणला. तिथं प्लेट अजून धारदार कडांची, पूर्ण १२० बाय ८० ची असते. त्या फेसवर नवं स्केच घेतलं, खऱ्या कडांपासून १५-१५ दिले, भोकं तिथंच पाडली. मग मार्कर पुढं नेला आणि जुनं स्केच, जुनी भोकं उडवली. जुन्या भोकांवरचे चॅम्फर पिवळे झाले, ते परत दिले. नंतर रेडियस एकदा ४, एकदा ८ करून मोजलं. दोन्ही वेळा ९० आणि ५०. अर्धा तास लागला. त्यानं पहिल्यांदाच असं केलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

एकानं तर सल्ला दिला, हिस्टरीच बंद करून टाका, कटकट नको. हिस्टरी बंद केली की अख्खी टाइमलाइन जाते, मग परत रेडियस बदलायला आला तर काय करू?

आणि आता "म्हणजे फिलेट नेहमी शेवटी" असं पाठ करून बसू नका, तेही चूक आहे. ३ मिमी भिंतीची पोकळ पेटी असेल आणि बाहेरून ८ चा रेडियस हवा असेल, तर फिलेट शेलच्या आधीच हवा. मग आतून आपोआप ५ चा येतो आणि भिंत कोपऱ्यातही ३ च राहते. आधी शेल मारून मग फक्त बाहेरून ८ चा फिलेट दिलात तर आतला कोपरा धारदारच राहतो आणि तिथली भिंत एक मिलिमीटरसुद्धा उरत नाही. प्रत्येक फीचर कशावर टेकलंय, एवढं बघा ना!

काल त्याच माणसाची दुसरी फाइल आली. उघडल्या उघडल्या खाली बघितलं. दुसऱ्याच नंबरला फिलेट, त्यानंतर भोकांची तीन स्केचेस. मी ती मशीनला लावली नाही, तशीच परत पाठवली.