‘पायऱ्या’ बरोबरच होतं

★☆☆☆☆
"शेवटचा शब्द ‘पायऱ्या’ टाकला तर गेम म्हणतो ‘हा शब्द यादीत नाही’. नऊ वेळा टाकला. मित्राच्या फोनवर तोच शब्द पहिल्या फटक्यात हिरवा! 64 दिवसांची माळ तुटली. मेल केला, उत्तर नाही. मराठी न येणाऱ्यांनी मराठी गेम काढू नये. आता मित्र विचारतोय, असं कसं झालं? काय सांगू त्याला?"

नमस्कार. तुमचा शब्द बरोबर होता, चूक आमची आहे, माफ करा.

तुमचा मेल रात्री 11:41 ला आला आणि हा रिव्ह्यू 12:06 ला. मधली पंचवीस मिनिटं मी झोपेत होतो. आमच्याकडे ‘सपोर्ट टीम’ नाही, मी आणि माझी बायको असे दोघंच आहोत. सकाळी सहाला मेल वाचला आणि चहा ठेवायच्या आधी तुमचा स्क्रीनशॉट उघडला. हे सगळं सांगायची गरज नव्हती, पण ‘उत्तर नाही’ हे वाचून वाईट वाटलं म्हणून सांगितलं.

आता तुमच्या मित्राला काय सांगायचं ते. तुमचाच स्क्रीनशॉट मोठा करून बघा. चौकटींत पा, य, ऱ्या असं नीट दिसतंय. पण खालच्या लाल पट्टीत आमच्या गेमने लिहिलंय ‘पायर्या’, म्हणजे य च्या डोक्यावर रफार. गेमने तुमचा शब्द वाचला तोच मुळी चुकीचा. ‘पायऱ्या’ आमच्या यादीत आहे, बायकोने स्वतः टाइप केलाय.

‘ऱ्य’ मधला तो य ला चिकटलेला वाकडा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, आणि डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे दिसतात. काही कीबोर्ड खाली टिंब असलेलं वेगळं अक्षर ऱ घेतात आणि त्याला हलन्त लावतात: U+0931 U+094D. काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि त्यापुढे ‘झीरो विड्थ जॉइनर’ नावाचं न दिसणारं चिन्ह टाकतात: U+0930 U+094D U+200D. मित्राचा कीबोर्ड पहिल्या जातीचा, तुमचा दुसऱ्या. आमची यादी पहिल्या पद्धतीने लिहिलेली आहे.

एवढ्यावरही निभावलं असतं. पण मागे काही जणांनी तक्रार केली होती की दुसरीकडून कॉपी करून चिकटवलेले शब्द गेम घेत नाही. त्या शब्दांत अशीच अदृश्य चिन्हं अडकलेली असायची. म्हणून शब्द तपासण्याआधी सगळी अदृश्य चिन्हं काढून टाकायचा नियम मी घातला. त्या झाडूने कचऱ्याबरोबर तुमचा जॉइनरही गेला. तो गेला की उरतो र, हलन्त, य, आणि त्याचा होतो रफार. एकाची तक्रार मिटवताना तुमची ओढवून घेतली, हे कबूल.

युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन आम्ही लावलेलं आहे. ते ‘र आणि नुक्ता’ यांचा ऱ करतं, पण या जॉइनरवाल्या र ला हात लावत नाही. तुम्ही म्हणाल, मग दोन्ही र सारखेच धरा ना. तसं केलं तर ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एकच होतील. डोंगरातल्या दऱ्या आणि कोळ्यांचा दर्या यांत फरक न करणारा मराठी गेम मला काढायचा नाही. आम्हाला मराठी येत नाही असं तुम्ही लिहिलंत म्हणून हे जरा जास्तच बोललो.

उपाय खरं तर एका ओळीचा आहे. झाडू फिरवायच्या आधी हे करायचं:

```
s.replaceAll("\u0930\u094D\u200D", "\u0931\u094D")
```

आज सकाळी टाकलं आणि तुमचा शब्द तसाच्या तसा तपासला, हिरवा आला. अपडेट स्टोअरवर चढायला एक-दोन दिवस जातात. तोवर असा शब्द आलाच तर कीबोर्डवर टिंबाचा ऱ शोधून, त्याला हलन्त लावून मग य घ्या. नाहीतर मित्राकडून टाइप करून मागवा आणि चिकटवा, चालेल. (उत्तर मागवू नका, फक्त शब्द.)

एक मात्र बोलायचं राहतं. नाकारलेल्या शब्दाला आम्ही संधी मोजत नाही, त्यामुळे नऊ वेळा टाकूनही तुमच्या दोन संधी शिल्लक होत्या. माळ तुटली ती बारा वाजले म्हणून. अर्थात उत्तर तेच होतं, दुसरं काय टाकणार होतात, हेही खरं.

64 ची माळ मी हाताने जोडून ठेवली आहे, आज खेळलात की 65 दिसेल. ‘यादीत नाही’च्या पट्टीवर तक्रारीचं बटणही द्यायचा विचार आहे, बघतो कसं जमतं ते. तारे बदला असं म्हणत नाही. पण अपडेट आल्यावर ‘पायऱ्या’ पुन्हा टाकून बघा आणि काय झालं ते इथेच लिहा, सकाळी सहानंतर मी वाचतो.