ईडब्ल्यूएसच्या त्या मेसेजमधले चारही मुद्दे का चुकीचे आहेत

«पालकांनो, ईडब्ल्यूएस दाखल्याबद्दल महत्त्वाचे. 1) दाखला एकदा काढला की तीन वर्षे चालतो, दरवर्षी हेलपाटे नकोत. 2) आठ लाखांच्या मर्यादेत पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत, त्यामुळे नोकरदारांनीही बिनधास्त अर्ज करावा. 3) तहसीलदाराचा एकच दाखला राज्यात आणि केंद्रात दोन्हीकडे चालतो. 4) घर-जमिनीची अट सरकारने काढून टाकली आहे. सर्व ग्रुपवर पाठवा.»

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि दर उन्हाळ्यात बारावीच्या मुलांचे प्रवेशाचे कागद तपासून देते. ईडब्ल्यूएस म्हणजे खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांसाठीचे आरक्षण. हा मेसेज दाखवणारे पालक दरवर्षी भेटतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे. पहिले दोन नियम कुणी हवेतून काढलेले नाहीत. ते खरेच आहेत, पण ओबीसींच्या नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे कुटुंब प्रगत गटात मोडत नसल्याच्या, दाखल्याचे. दोन्हीकडे आठ लाखांचाच आकडा असल्याने कुणीतरी तिकडचे नियम इकडे चिकटवले आणि त्यात मुलांचे नुकसान होते.

पहिला मुद्दा. महाराष्ट्रात नॉन-क्रिमिलेअर तीन वर्षांपर्यंतचे मिळू शकते, उत्पन्नाचा दाखलाही एक किंवा तीन वर्षांचा निघतो. ईडब्ल्यूएसचे तसे नाही. हा दाखला एका आर्थिक वर्षाचा असतो, आधीच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर मिळतो आणि 31 मार्चला संपतो. कुणी 20 मार्चला घाईघाईने काढला, तर तो अकरा-बारा दिवसांतच जुना होतो. आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशासाठी तर 1 एप्रिल किंवा त्यानंतर दिलेलाच दाखला लागतो. जेईईचा फॉर्म हिवाळ्यात भरताना जो दाखला हाताशी होता, तो जूनच्या समुपदेशनात दाखवून उपयोग नसतो.

इथे आणखी एक गफलत होते, ती वर्षाची. 2025 च्या प्रवेशाचे उदाहरण घ्या. दाखला हवा 2025-26 चा, म्हणून उत्पन्न बघायचे 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 या काळातले. पण एप्रिल 2025 मध्ये घरात जे आयकर विवरणपत्र सापडते, त्यावर ‘कर निर्धारण वर्ष 2024-25’ असे छापलेले असते आणि त्यात उत्पन्न असते 2023-24 चे. पालक वरचे वर्ष पाहून तेच जोडतात आणि अर्ज परत येतो. नुकत्याच संपलेल्या वर्षाचा ‘फॉर्म 16’, म्हणजे पगार आणि त्यावर कापलेला कर दाखवणारा कंपनीचा कागद, जूनच्या मध्यापर्यंत हाती येत नाही. तोवर थांबू नका. मार्चअखेरपर्यंतच्या बारा महिन्यांच्या एकूण पगाराचा दाखला कंपनीकडून किंवा कार्यालयाकडून घ्या आणि तो एप्रिलमध्येच लावा. निकालानंतर सेतू केंद्रावर काय गर्दी होते ते सगळ्यांना माहीत आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर जरा सविस्तर बोलायला हवे, कारण सर्वांत जास्त फसगत इथेच होते. क्रिमिलेअर ठरवताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न आठ लाखांच्या हिशोबात घेत नाहीत, हे बरोबर आहे. ईडब्ल्यूएसमध्ये मात्र पगार, शेती, धंदा, व्यवसाय, सगळ्या मार्गांनी आलेले उत्पन्न एकत्र करतात. तेही ढोबळ, म्हणजे कोणतीही वजावट करण्याआधीचे.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या एका पालकांचा हिशोब मी मांडून दिला होता. त्यांच्या फॉर्म 16 वर शेवटी करपात्र उत्पन्न दिसत होते 5,15,000 रुपये, म्हणून ते निश्चिंत होते. पण तो आकडा 50,000 ची प्रमाणित वजावट आणि भविष्य निर्वाह निधी व विम्याचे 1,20,000 कापल्यानंतरचा होता. ढोबळ पगार 6,85,000. शेतीचे उत्पन्न तलाठ्याच्या अहवालात 90,000. आई शिवणकाम करते, त्याचे वर्षाला 40,000. बेरीज झाली 8,15,000. मर्यादा आठ लाखांच्या आतली आहे, म्हणजे ही मुलगी पंधरा हजारांनी बाहेर. तिने ईडब्ल्यूएस धरून महाविद्यालयांची यादी केली होती, ती खुल्या प्रवर्गाच्या कटऑफने पुन्हा करावी लागली. वाईट वाटले, पण जुलैमध्ये कागदपत्रांच्या पडताळणीत अडकण्यापेक्षा मेमध्ये कळलेले बरे.

याच्या अगदी उलट चूकही होते आणि तिची मला जास्त हळहळ वाटते. एका मुलाने अर्जच केला नव्हता. का, तर रेशनकार्डावरच्या सगळ्यांची बेरीज आठ लाखांच्या वर जात होती. त्यात आजोबांचे निवृत्तिवेतन होते आणि चोवीस वर्षांच्या भावाचा पगार. पण ईडब्ल्यूएससाठी कुटुंब म्हणजे रेशनकार्ड नव्हे. कुटुंबात येतात तो स्वतः, त्याचे आईवडील आणि अठरा वर्षांखालची भावंडे. उमेदवाराचे लग्न झालेले असेल तर पती किंवा पत्नी आणि अठरा वर्षांखालची मुलेही. आजोबा-आजी, काका, सज्ञान भाऊ-बहीण यांचे उत्पन्न मोजत नाहीत. ते दोन आकडे काढले तर तो मुलगा सहज बसत होता.

तिसरा मुद्दा. दोन्ही दाखल्यांवर सही तहसीलदाराची असली, तरी दाखले दोन आहेत. राज्याच्या सीईटीतून होणाऱ्या प्रवेशांसाठी आणि राज्याच्या नोकऱ्यांसाठी 12 फेब्रुवारी 2019 च्या शासन निर्णयातला नमुना लागतो. आयआयटी, एनआयटी, नीटचा अखिल भारतीय कोटा, केंद्रीय विद्यापीठे यांना केंद्र सरकारचा नमुना लागतो, ज्यात मालमत्तेचा तपशील असतो. एकाच्या जागी दुसरा दिला तर ईडब्ल्यूएसचा दावा टिकत नाही आणि त्या प्रवर्गातून मिळणारी जागा हातची जाते. ज्या मुलांनी दोन्हीकडे अर्ज केले आहेत, त्यांनी दोन्ही दाखले काढायचे.

कागदपत्रेही थोडी वेगळी पडतात. समान लागणारी अशी: अर्ज आणि स्वयंघोषणापत्र, फोटो, आधार, रेशनकार्ड, मुलाचा आणि वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला (जात त्यावरून पाहतात), आणि उत्पन्नाचा पुरावा, म्हणजे पगाराचा दाखला किंवा फॉर्म 16, विवरणपत्र, शेती असल्यास सातबारा, आठ-अ आणि तलाठ्याचा अहवाल. राज्याच्या दाखल्यासाठी याखेरीज कुटुंब 13 ऑक्टोबर 1967 रोजी किंवा त्याआधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यू नोंदवहीतला उतारा, जुना सातबारा किंवा फेरफार, असे काहीतरी. हा कागद शोधायलाच सर्वांत जास्त वेळ जातो. गावची शाळा, गावचा तलाठी, दोन-तीन चकरा ठरलेल्या. इंदूरहून 1990 च्या सुमाराला पुण्यात आलेल्या मराठी घराला राज्याचा दाखला या अटीवर मिळणार नाही, पण केंद्राचा मिळू शकतो, कारण तिथे ही तारीख नाही. तिथे अर्जदाराचे कुटुंब सामान्यतः जिथे राहते तिथल्या अधिकाऱ्याकडून दाखला घ्यायचा असतो.

मराठा समाजातल्या मुलांसाठी हा फरक फार मोलाचा आहे. 2024 च्या कायद्याने राज्यात त्यांना एसईबीसी, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग, म्हणून वेगळे आरक्षण मिळाले, त्यामुळे राज्याच्या प्रवेशात ते ईडब्ल्यूएसमध्ये येत नाहीत. केंद्राच्या ओबीसी यादीत मात्र मराठा नाही, म्हणून आयआयटी किंवा नीटच्या अखिल भारतीय कोट्यासाठी ते केंद्राच्या ईडब्ल्यूएस दाखल्याला पात्र ठरतात, अर्थात बाकी अटी पूर्ण होत असतील तर. कुणबी असल्याचे प्रमाणपत्र असेल तर गोष्ट वेगळी. कुणबी केंद्राच्या यादीतही ओबीसी आहेत, मग ईडब्ल्यूएसचा प्रश्नच येत नाही.

चौथा मुद्दा अर्धवट ऐकीव आहे. नीट पदव्युत्तर प्रवेशाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असताना केंद्राने अजय भूषण पांडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने 31 डिसेंबर 2021 च्या अहवालात घराची अट काढावी आणि पाच एकर शेतीची ठेवावी, अशी शिफारस केली. बातमी तेवढीच लक्षात राहिली. पण केंद्राच्या दाखल्याच्या नमुन्यात आजही चार मालमत्तांचा उल्लेख आहे आणि त्यांपैकी एकही कुटुंबाकडे नसल्याचे अधिकारी लिहून देतो: पाच एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन, 1,000 चौरस फूट किंवा त्याहून मोठा निवासी फ्लॅट, अधिसूचित नगरपालिका क्षेत्रात 100 चौरस यार्ड किंवा त्याहून मोठा निवासी भूखंड, आणि इतरत्र 200 चौरस यार्ड किंवा त्याहून मोठा. राज्याच्या दाखल्याला ही मालमत्तेची अट नाही, तिथे उत्पन्न आणि 1967 चा रहिवास पाहतात. या फरकातूनही ‘अट काढली’ असा समज पसरला असावा.

आपल्याकडे यार्डात कुणी बोलत नाही, म्हणून गुंठ्यात सांगते. एक गुंठा म्हणजे 121 चौरस यार्ड. नगरपालिका हद्दीत घेऊन ठेवलेला एका गुंठ्याचा निवासी प्लॉट केंद्राच्या दाखल्यातून बाहेर काढायला पुरेसा आहे. गावाकडे एक गुंठा चालतो, दोन गुंठे म्हणजे 242 यार्ड, ते चालत नाहीत. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, तिथे पाच एकर म्हणजे साधारण 2 हेक्टर 2 आर. आणि जमीन वेगवेगळ्या गावांत तुकड्यांनी असली तरी बेरीज एकत्र करतात. वडिलांच्या नावे निफाडला तीन एकर आणि आईच्या नावे येवल्याला सव्वादोन एकर असेल, तर ते सव्वापाच झाले. मग उत्पन्न दोन लाख असले तरी केंद्राचा दाखला मिळत नाही.

दाखला हातात आला की सेतूच्या खिडकीवरून हलण्याआधी चार गोष्टी वाचा. नमुना राज्याचा आहे की केंद्राचा. उत्पन्नाचे वर्ष आणि वैधतेचे वर्ष ही दोन्ही वेगवेगळी आणि बरोबर लिहिली आहेत का. मुलाचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षर न अक्षर जुळते का. आणि दिलेली तारीख 1 एप्रिलची किंवा त्यानंतरची आहे का. चूक तिथेच दिसली तर दुरुस्ती मागता येते. प्रवेश फेरीच्या मधोमध दिसली तर नवा अर्ज करून वाट पाहण्याइतके दिवस हातात नसतात.